त्या खोलीचा आवाज

आमच्या स्टुडिओत सगळे त्यांना गप्पराव म्हणत. माणूस खरं तर बोलका, पण शूटिंगच्या ठिकाणी मुलाखत संपली की हात वर करून ते सगळ्यांना गप्प करत. कॅमेरावाला, मुलाखत देणारा, चहा घेऊन आलेला, कुणालाही सूट नसे. पंखा चालू असेल तर चालू, फ्रिज घरघरत असेल तर घरघरू दे. माणसं जिथं आहेत तिथंच थांबायची आणि गप्पराव त्या खोलीचा नुसता आवाज भरून घ्यायचे.

"कॅशियर, रिकामी खोली कधी मुकी नसते," मी हिशेबाला बसायचो तिथं येऊन ते सांगत. "बोलणाऱ्याचं 'अं' कापलं, खोकला कापला, की तिथं भोक पडतं. त्या भोकात काहीच भरलं नाही तर माणूस विहिरीत पडून पुन्हा वर आल्यासारखा वाटतो. म्हणून त्याच खोलीचा तुकडा तिथं लावायचा."

"म्हणजे ठिगळच की."

"ठिगळ दिसतं. आमचं दिसलं तर आम्हाला घरी बसवा."

सगळं आयुष्य त्यांनी दुसऱ्यांचं बोलणं असं सांधण्यात घालवलं.

त्यांच्या बायकोचा, म्हणजे आमच्या वहिनींचा, छातीचा आजार वाढला तेव्हा त्यांची एकुलती एक मुलगी परदेशात होती आणि दिवस राहिलेले. तिला डॉक्टरांनी अंथरुणातून उठायलाही मनाई केली होती. वहिनींनी नवऱ्याला बजावून ठेवलं होतं, तिला काही कळता कामा नये. मुलीचा फोन आला की दोन वाक्यं बोलून "गॅसवर दूध आहे गं" म्हणून त्या ठेवून देत. दूध वगैरे काही नसायचं, तिसऱ्या वाक्याला दम पुरत नसे.

घरात प्राणवायूचं मशीन आलं होतं. ते दिवसभर घूं करत राही आणि मधूनमधून फुस्स असा सुस्कारा टाकी. एका दुपारी वहिनी म्हणाल्या, "तुमचं ते यंत्र आणा. मला पोरीशी बोलायचंय. आणि होणाऱ्या नातवंडाशीही."

गप्परावांनी रेकॉर्डर लावला. वहिनी बोलल्या. बाळाला न्हाऊ घालताना पाणी कसं बघायचं, पोरगी लहानपणी किती हट्टी होती, नवऱ्यावर एक-दोन टोमणेही. मध्ये मध्ये धाप, खोकला, लांबच लांब ओढलेले श्वास. शेवटी त्या म्हणाल्या, "हे धापा टाकणं सगळं काढून टाका. पोरीला मी धडधाकट ऐकू यायला पाहिजे. एवढं एक करा माझ्यासाठी."

"करतो," ते म्हणाले. तेवढ्यात वहिनींना खोकल्याची जोराची उबळ आली. गप्पराव रेकॉर्डर बंद करून त्यांना उठवून बसवायला धावले.

त्यानंतर पंधरवड्याच्या आत वहिनी गेल्या. मशीन परत गेलं, पलंग नातेवाइकाकडे गेला. मुलीला मुलगा झाला.

गप्परावांनी काम हाती घेतलं आणि पहिल्याच दिवशी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. चेहरा उतरलेला.

"कॅशियर, मी खोलीचा आवाज घेतलाच नाही."

मला क्षणभर उमगलं नाही.

"आयुष्यभर लोकांना गप्प उभं केलं आणि घरी विसरलो. तिची धाप कापली की मशीनची घरघर मध्येच तुटते. भरायला काही नाही. जिथं ती बोलत नाही तिथं तिची धापच आहे."

"मग मशीनचा आवाजच काढून टाका ना सगळा."

"करून पाहिलं. तिचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. ती नाही राहत ती."

दुसऱ्या खोलीची घरघर चालणार नव्हती, भिंती वेगळ्या. मग आम्ही तीच खोली पुन्हा उभी केली. मशीन देणाऱ्या दुकानदाराला मी फोन लावला आणि त्याच बनावटीचं मशीन मागवलं. "पेशंट कोण आहे?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "पेशंट नाही, आवाज हवाय." त्यानं पत्ता पुन्हा एकदा विचारून घेतला. पलंग परत आणला, कारण मोकळ्या खोलीत टाळी वाजवली तरी घुमत होती. गादी, रजई, पडदे सगळं पहिल्यासारखं. खिडकी तेवढीच उघडी ठेवली आणि दुपारचीच वेळ धरली, म्हणजे रस्त्याची गजबजही तशीच येईल.

मशीन सुरू झालं. गप्पराव पूर्वीच्याच खुर्चीत, कानावर हेडफोन, माईक उशीकडे वळवलेला. मी दाराशी श्वास आवरून उभा. ते रजईकडे पाहत होते. बराच वेळ गेला. मला वाटलं, आता पुरे झालं असेल. ते थांबवेनात. शेवटी मीच जाऊन मशीनचं बटण बंद केलं. त्यांनी हेडफोन काढले नाहीत.

"जुळलं का?" मी विचारलं.

"जुळलं," ते म्हणाले आणि उपरण्यानं डोळे पुसले.

पुढे कित्येक दिवस ते त्यावर बसले होते. एक श्वास कापायचा आणि तेवढ्याच लांबीचा खोलीचा तुकडा लावायचा. फुस्स जिथं यायला हवी तिथंच आली पाहिजे, नाहीतर कानाला खटकतं. तुकड्याच्या दोन्ही कडा हलकेच एकमेकींत विरघळवायच्या. मला त्यांनी ऐकवलं. वहिनी सलग, ठसठशीत बोलत होत्या. कुठं काय कापलंय ते मला सापडलं नाही.

नातू प्रवास करण्याएवढा झाल्यावर मुलगी आली. मीही गेलो होतो. तिनं मांडीवर बाळ घेऊन आईचं बोलणं ऐकलं. हसली, रडली. मग हळूहळू तिचा चेहरा बदलत गेला.

"बाबा, हे कधीचं?"

"शेवटच्या पंधरवड्यातलं."

"शेवटच्या?" ती म्हणाली. "ती गेल्यावर तुम्ही तर म्हणालात, शेवटी तिला बोलवत नव्हतं. ही तर छान बोलतेय. एकदाही दम लागलेला नाही."

गप्परावांनी बाळाचं दुपटं सारखं केलं.

"इतकी चांगली होती आणि पंधरा दिवसांत गेली? मग दवाखान्यात वेळेवर का नेलं नाही? सगळे दिवस तुमच्या त्या स्टुडिओत असाल."

मी तोंड उघडलं. "अगं, तुझे बाबा—"

"कॅशियर," गप्पराव म्हणाले, "तुम्ही चहा घ्या. गार होतोय."

मुलीनं पुन्हा थोडं ऐकलं. "आणि मागे हे घूं कसलं वाजतंय?"

मला वाटलं, आता सांगतील. न कापलेलं रेकॉर्डिंग शेजारच्या कपाटात होतं. हात लांब करण्याचाच अवकाश होता.

"पंखा," ते म्हणाले.

ठरलेला मुक्काम संपायच्या आधीच ती परत निघाली. जाताना वाकून नमस्कार केला, पण बापाकडे पाहिलं नाही. बाळाला त्यांच्या हातात दिलं आणि लगेच परत घेतलं.

जिन्यावरून तिची पावलं उतरत गेली. गप्पराव दारातच उभे होते.

"सांगायचं होतंत," मी म्हणालो. "ती आयुष्यभर तुम्हाला दोष देईल."

"तुमच्या वहिनींनी एकच मागितलं होतं माझ्याकडे."

मी चप्पल पायात घालू लागलो. तेव्हा त्यांनी माझा दंड धरला आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं,

"कुठं कापलंय, ते पोरीला कळलं नाही ना?"

"नाही," मी म्हणालो. "कुठंच कळलं नाही."