कापसात हरवलेलं ‘नको’

काकांच्या शेतीच्या चॅनलसाठी व्हिडिओवरची चित्रं मी बनवतो. त्यांचा अमरावतीहून मेसेज आला, "थंबनेल मोबाईलवर दिसून नाही राहिलं. रंग बदल, अक्षरांले काळी बॉर्डर दे."

माझं डोकंच फिरलं. मूर्तिजापूरच्या घरी माझ्या मोठ्या स्क्रीनवर सगळं झकास दिसत होतं. मागे फुटलेला कापूस, त्यावर लाल ‘आज फवारणी’ आणि पांढरं ‘नको’. व्हिडिओ सकाळीच टाकलेला. काकांना खोटं पाडायला मी बाबांचा छोटा फोन उचलला.

‘नको’ कापसात गडप झालं होतं.

घाईघाईने काळ्या पट्टीवर पिवळं ‘नको’ बसवलं, जाड बॉर्डर दिली, थंबनेल बदललं. फोन परत द्यायला अंगणात गेलो, तर बाबा पाठीवर फवारणीचा भरलेला पंप घेऊन निघाले होते.

"तुयाच चॅनलवर तं सांगतलं," ते म्हणाले.