चिऊच्या दातांचे वण

देवासच्या अक्षदाला जेवतानाही स्वस्थता नसे. जुन्या वस्तू विकणाऱ्या एका ॲपसाठी ती घरबसल्या हेडफोन आणि ब्लूटूथ स्पीकरचे फोटो तपासायची, नकली माल अडवायची. लग्नात गेली तरी नजर स्पीकरच्या जाळीवर. सासूबाई, म्हणजे माई, करवादायच्या, "अगं, घास तरी गीळ."

त्या दुपारी बागलीच्या कुणा विक्रेत्या भियाचे, म्हणजे भाऊचे, हेडफोन समोर आले. पट्टीचा सांधा घट्ट, जाळीची भोकं एकसारखी, छापलेल्या नावाच्या कडा स्वच्छ, चार्जिंगच्या खाचेला प्लास्टिकची कुसं नाहीत. अस्सलच. तरी तिचं बोट 'मंजूर'वर टेकेना. गेल्या आठवड्यात धारच्या आणि खातेगांवच्या माणसांचे असेच निर्दोष फोटो तिने मंजूर केले होते, आणि दोन्ही गिऱ्हाइकांच्या घरी नकली माल पोचला होता.

तिने तिघांचे फोटो शेजारी उघडले, मोठे केले. पट्टीच्या गादीवर तिन्हीकडे तेच दोन चिमुकले दातांचे वण. म्हणजे अस्सल नग एकच. तो फक्त फोटोपुरता, पार्सलात जायची नक्कल.

ते दात तिच्या लेकीचे, चिऊचे होते. दिवाळीत अक्षदानेच ते हेडफोन विकले होते.

"माई, चिऊने चावलेले हेडफोन आठवतात?"

"न आठवायला काय झालं? का गं?"

"चोरांकडे कामाला लागलेत. आणि दोनदा मीच पास केलेत."