लोहाच्या गोळ्या

अमडापूरजवळच्या उपकेंद्रावर मी नर्स आहे. बायकांची बोटं टोचून हिमोग्लोबिन पाहणं हे माझं रोजचं काम. सात, साडेसात, आठ. दहा निघालं तर मी त्या बाईला शाबासकी देते. घरातल्या माणसाचं बोट टोचावं असं मला कधी सुचलं नाही. नवऱ्याचा चेहरा चांगला लाल होता. लाल चेहऱ्याच्या माणसाला काय होणार?

गावाला मात्र वाटे, हा पितो. चौकात त्याचे सोबती म्हणत, "काय बे, सकाळपासूनच?" त्यानं कधी थेंब तोंडाला लावला नव्हता. तो नुसता हसायचा.

तेव्हा सगळ्यांनीच बीटी कापूस लावला होता, आम्हीही. वेचताना अंग खाजतं अशी गावभर तक्रार होती. नवऱ्याचंही खाजायचं, पण शेतात नाही, आंघोळीनंतर. गरम पाणी अंगावर घेतलं की अर्धा तास खाजवत बसायचा. शेवटी आंघोळच टाळायला लागला. मी साबण बदलला, खाजेची गोळी दिली. तळपाय भाजल्यासारखे होऊन लाल व्हायचे, तर मी फवारणीला दोष दिला आणि बूट न घालण्यावरून बोलले. डोकं जड व्हायचं, तर म्हटलं, ऊन लागलं. भाव पडले होते, बोंडअळी आली होती. गावात कोणाचं डोकं हलकं होतं?

मग उपकेंद्राला नवीन मीटर आलं. डबा द्यायला तो आला होता, म्हणून आधी त्याचंच बोट टोचलं. वीस पूर्णांक चार. मीटर बिघडलं असं वाटून मी माझं टोचलं. दहा पूर्णांक आठ. मीटर बरोबर होतं.

औरंगाबादच्या रक्ताच्या डॉक्टरांनी पोट तपासलं. प्लीहा वाढली होती. एक तपासणी मुंबईला पाठवली. ती आल्यावर त्यांनी समजावलं: रक्त बनवायचा हुकूम मिळाला तरच हाडांतल्या मगजानं ते बनवायचं असतं. तुमच्या मगजातल्या एका पेशीत तो हुकूम पुढे पोचवणारा जीन बदलला आहे. आता हुकूम नसला तरी त्या पेशीची पिल्लावळ रक्त बनवतच राहते. जन्मतः नाही, पुढे कधीतरी झालं. मुलांची काळजी करू नका.

नवऱ्यानं जरा विचार केला. "म्हणजे विहिरीवरच्या मोटारीले आपोआप चालू व्हायचा ऑटो लावला, अन् टाकी भरून वाहून राह्यली तरी मोटार चालूच."

"बरोबर," डॉक्टर म्हणाले. "ऑटो काढता येत नाही. म्हणून टाकीतलं पाणी काढायचं."

धोका रक्त घट्ट होऊन गाठ होण्याचा होता. तेव्हा रोज एक छोटी ॲस्पिरिन, आणि रक्तातला लाल पेशींचा भाग पंचेचाळीस टक्क्यांच्या खाली येईपर्यंत थोड्या थोड्या दिवसांनी पिशवीभर रक्त काढून टाकायचं.

त्या दवाखान्यातल्या बाकावर शेजारी साखरखेर्ड्याची एक शिवणकाम करणारी बाई बसायची. तिचाही जीन तोच बदललेला, पण तिच्या मगजात वाढत होत्या प्लेटलेट. साडेचार लाखांच्या आत हव्यात, तिच्या चौदा लाख. चपला काढून ती थंड फरशीवर तळपाय टेकवून बसे.

"तुमचं बरं हाय भाऊ," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमचं जास्तीचं काढून तरी घेतात. माझं नुसतं मोजतात अन् गोळी देतात."

"तुमी घ्या ना माझी सुई."

"नको बाबा. सुया माझ्या घरी लय हायेत."

चिखलीत रक्त काढायची सोय झाली. पहिली पिशवी भरली तेव्हा तिथला माणूस मला म्हणाला, "ताई, इकडं बायकांले रक्त भेटत नाई, अन् हे फेकायचं." मी सही केली. काही वाटलं नाही. किंवा वाटलं असेल, पण त्या दिवशी दोन बाळंतपणं होती.

चार-पाच पिशव्यांनंतर आकडा चव्वेचाळीसवर आला. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी बोलावलं. खाज थोडी कमी झाली. पण तो थकायला लागला. बांधावर बसून राही. एक दिवस पाहिलं, कोठीतले कच्चे तांदूळ मुठीत घेऊन खात होता.

"हे काऊन खाऊन राह्यले?"

"चांगले लागतात."

कच्चे तांदूळ, माती, पाटीवरची पेन्सिल. गरोदर बायका हेच खातात, आणि त्याचं कारण मला झोपेत विचारलं तरी सांगता येतं. लोह कमी. रक्तासोबत लोह जातंच. पर्समध्ये लाल गोळ्यांची पाकिटं होतीच. जेवणानंतर एक, चहासोबत नाही, मळमळलं तरी सोडायची नाही. हे वाक्य मी हजारदा बोलले असेन, त्यालाही बोलले. त्यानं विचारलं नाही कसली गोळी. मी दिलेल्या गोळीबद्दल तो कधीच विचारत नसे. मी डॉक्टरांना विचारलं नाही. नर्सनं लोहाच्या गोळीसाठी काय विचारायचं?

तो सुधारला. तांदूळ सुटले, चाल आली, चेहराही परत लाल झाला. मला बरं वाटलं.

गोळ्या सुरू होऊन दहा आठवडे झाले असतील, डॉक्टरांची तारीख जवळ आली होती. वेचणी चालू होती. दुपारी त्याच्या उजव्या हातातून कापूस गळून पडला. त्यानं उचलला, परत पडला. मी हाक मारली तर त्यानं दिलेलं उत्तर शब्दांसारखं नव्हतं. तोंड एका बाजूला गेलं होतं. कापसाचा टेम्पो उभा होता, त्यातच त्याला घातलं. औरंगाबादपर्यंत मी त्याचा हात धरून बसले होते, पण नाडीवर बोटं ठेवून. ठोके मोजत होते.

मेंदूत गाठ गेली होती. लाल पेशी सत्तावन्न टक्के. तिसऱ्या दिवशी रक्ताचे डॉक्टर फाइल घेऊन आले.

"तीन महिन्यांत एवढं वाढायला नको होतं. लोह घेता का काही?"

तोवर त्याची जीभ थोडी वळायला लागली होती. "मीच... मेडिकलातून..." तो म्हणाला.

"मी दिल्या," मी म्हणाले. "रोज एक. मी नर्स आहे."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. म्हणाले, "यांचं लोह कमीच राहायला पाहिजे होतं. लोह नाही म्हणून मगजाला लाल पेशी बनवता येत नव्हत्या. रक्त काढण्याचा अर्धा उपयोग तोच." मग म्हणाले, "मी तुम्हाला सांगायला हवं होतं. नर्स आहात म्हणून सांगितलं नाही."

फाइलच्या पुठ्ठ्यावर त्यांनी लाल पेनानं लिहिलं: लोह देऊ नये. एकदा गाठ झाली म्हणून रोजच्या कॅप्सूलही चालू केल्या. त्या हाडांतल्या मगजाचं काम आवरतात. दर काही दिवसांनी पेशी मोजाव्या लागतात.

बोलणं बहुतेक परत आलं. हाताचं तेवढं नाही. शर्टाची गुंडी मी लावते. कापूस तो डाव्या हातानं वेचतो, सावकाश.   शिवणकामवाली बाई पुढच्या खेपेला भेटली, तिनं त्याच्या हाताकडे पाहिलं आणि त्याच्या शर्टांना दाबून लागणारी टिचबटणं लावून देते म्हणाली. लावूनही दिली. लावताना टकटक आवाज होतो, म्हणून तो ते शर्ट घालत नाही.

मंगळवारी उपकेंद्रात गरोदर बायका येतात. मी बोट टोचते, लाल गोळ्या मोजून देते, तेच वाक्य बोलते. त्यांना त्या लागतात. त्यात माझी चूक नाही. उरलेली पाकिटं कपाटात ठेवून किल्ली तिथेच खिळ्याला लावते. पर्स रिकामी करून घरी येते.

जेवण झालं की मी त्याच्या डाव्या तळहातावर कॅप्सूल आणि ॲस्पिरिन ठेवते. पूर्वी तो लगेच तोंडात टाकायचा. आता हात उघडाच ठेवतो.

"ह्या कोन्त्या?"

मी पाकीट उलटं करून नाव वाचून दाखवते. मग तो पाणी मागतो.