चौथ्या बाईची टोपली

लालबागच्या त्या चाळीत सुंदराबाईचा आवाज गिरणीच्या भोंग्याआधी उठायचा, आणि भोंगा थांबला तरी तो थांबत नसे. नवरा गेल्यावर तिनं राहत्या खोलीतच खाणावळ काढली. एक चूल, तिला बाजूला एक वैल, एक परात, एक तवा. वैलावर माशाचं कालवण, तव्यावर तांदळाची भाकरी. एकटीनं थापून-शेकून पहिल्या पाळीच्या भोंग्यापर्यंत एक टोपली भरायची. खाणेकरीही तेवढेच होते.

पण संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात पलीकडच्या गल्लीतले खाणावळवाले तात्या तुरुंगात गेले, आणि त्यांचे सगळे खाणेकरी हिच्या दारात.

"मुंबई आमची, मावशे," गिरणीत साचे चालवणारा गणपत ओरडला, "पण पोटाचा काय?"

"पोटाक दगड बांध, मेल्या!" सुंदराबाई म्हणाली, आणि दुसऱ्याच दिवशी चंपाला कामावर ठेवलं.

एकीनं थापायचं, एकीनं शेकायचं. दर भाकरीला पिठाचे हात धुवून तव्याकडे धावणं बंद झालं. दोघींत टोपल्या दोन नव्हे, चांगल्या अडीच भरल्या. सुंदराबाई खूश. मग शेवंती आली. ती पीठ मळू लागली, पाणी भरू लागली. टोपल्या तीन झाल्या. वाढ आता अर्ध्याच टोपलीची होती, पण वाढ ती वाढ. खाणेकरी मात्र अजून उपाशीच उठत होते. म्हणून चौथी आली, बकुळा. परळची. तिचा नवरा भिवा तात्यांच्याच तुकडीत पकडला गेलेला, घरात तान्हं पोर. हे काम सुटलं तर तिला दुसरं नव्हतं.

बकुळा आली आणि टोपल्या तीनच राहिल्या. वर चार भाकऱ्या.

सुंदराबाईचं डोकं फिरलं. कामावर नजर ठेवायला तिनं नणंदेला, राधाबाईला, आणून बसवलं. आता त्या खोलीत पाच बाया. कोपर कोपराला लागे. पाण्याची कळशी आत यायची तर दोघींनी बाहेर जावं. कोणाचा तरी धक्का लागून कालवण चुलीत सांडलं, जाळ विझला, तो पुन्हा पेटेपर्यंत भोंगा झाला. टोपल्या तीनही भरल्या नाहीत.

"मावशे, बाया वाढल्या नि भाकरी आटली?" गणपत रिकामा डबा वाजवत म्हणाला. "सरकारी कारभार झालो हो तुझो!"

हे लागलं. सुंदराबाई गरकन वळली. बकुळा दाराला टेकून उभी होती.

"काय गो भवाने! तुका हय शोभेक ठेवलंय? चंपाचे हात बघ, शेवंतीचे बघ. तू कामचुकार! उद्या येव नको!"

बकुळाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, आग होती. "तवा मोकळा कधी मिळतो मला? परात मोकळी कधी मिळते? उभी नको राहू तर काय नाचू?"

"तोंड बघा हिचा!"

"उद्या मला तव्यावर बसवा आणि माझं काम चंपाला द्या. माझ्यामुळं एक भाकरी कमी झाली तर मी आपली आपण जाईन."

"बस! सगळ्यांदेखत तुझी फजिती करतंय!"

सकाळी राधाबाईला घरी ठेवून चौघी कामाला लागल्या. सुंदराबाई थापत होती, बकुळा तव्यावर. एकमेकींकडे बघणं नाही, पण हात असा चालला की भाकरी उतरली रे उतरली, दुसरी पडली. भोंगा झाला. टोपल्या तीन. वर चार भाकऱ्या.

आणि चंपा, खाणावळीची लाडकी चंपा, दाराला टेकून उभी.

"काय गो चंपे! तुका हय शोभेक..." सुंदराबाई ओरडली आणि मधेच थांबली. कालचेच शब्द, कालचाच दरवाजा. बाई तेवढी वेगळी.

तिनं तव्याकडे पाहिलं. त्यावर एक भाकरी होती. चौघी होत्या तरी एकच, दहा असत्या तरी एकच. ती फुगायला लागायचा तेवढा वेळ लागत होता.

तिचा राग विझला नाही, नुसता जागा बदलून बसला. तिनं कमरेची किल्ली उपटून बकुळाच्या अंगावर फेकली. शेजारची रमाबाई गावाला गेली होती, खोली हिच्या भरवशावर.

"जा! रमाबाईची चूल पेटव. तवा गंजलो आसा, घासून घे. चंपेक सोबत ने. एकीन थापा, एकीन शेका. रमाबाईच्या लाकडांची भरपाई मी करतंय."

दुसऱ्या दिवशी भिंतीच्या अलीकडे अडीच टोपल्या भरल्या, पलीकडे अडीच. बाया त्याच चार. गणपत पाचवी भाकरी मोडत होता.

बकुळा टोपली ठेवायला आली, ती जाईचना.

"आणि मला कामचुकार म्हणालात ते?"

सुंदराबाईनं फुंकणीनं चूल अशी फुंकली की राख खोलीभर उडाली.

"तां मी चुलीक म्हटलंय!" ती खेकसली. "उद्या वेळेर ये!"