टिंबाचे खिळे

लोणावळ्याच्या बाजारात माझा छापखाना होता. पायाने चालवायचं एक यंत्र, शिशाच्या अक्षरांच्या, म्हणजे खिळ्यांच्या, बारा केसा (खणाखणांच्या पेट्या) आणि खिळे जुळवणारा एक जुळारी. शाई लावणारा पोऱ्या म्हणून मी या धंद्यात आलो आणि स्वतःच्या यंत्राचा मालक झालो. कुणाच्या उपकाराने नाही. म्हणूनच त्या नमाजाच्या पुस्तकाबद्दल लोक जे बोलतात ते मी आजही ऐकून घेत नाही.

पुस्तक काढायचं होतं ते घाटात इंजिन चालवून निवृत्त झालेल्या एका चाचांना. मावळात गावोगाव मुलाणी, तांबोळी, अत्तारांची घरं. पोरं मराठी शाळेत जायची, घरात बोलायची मराठी, आणि नमाजातलं अरबी ऐकून ऐकून पाठ करायची. चाचा म्हणाले, "कुरवंड्याची पोरं एक म्हंत्यात, वलवणची दुसरंच. अल्लाला काय कळायचं? नागरीत छापून दे, पर आसं दे, की चूक व्हायलाच नको."

मशिदीचे मौलवी मुळातच विरुद्ध. "नागरीत अरबी मावत नाही," एवढंच त्यांचं म्हणणं. चाचांनी फारच गळ घातली तेव्हा त्यांनी अट घातली. उर्दू शाळेचे मास्तर दोन्ही लिप्या जाणत. त्यांनी फक्त माझं छापील नागरी पान समोर ठेवायचं, त्यावरून अरबी परत लिहून काढायचं, आणि ते मौलवी मूळ पोथीशी ताडून बघणार. एक अक्षर हललं तरी पुस्तक मशिदीत येणार नाही.

कुठल्या अरबी अक्षराला कुठलं नागरी, याचा तक्ता मास्तरांनी करून आणला तो असा, की प्रत्येक अक्षराला वेगळी खूण. वर, खाली, डोक्यावर, कडेला. मी तो त्यांच्यासमोर टेबलावर आपटला. "मास्तर, ही अक्षरं आहेत की जत्रेतली गाढवं सजवलीत?"

"आवाज वेगळे आहेत, शेठ. 'स' तीन आहेत, 'ह' दोन, 'ज'सारखे चार. मराठीला एकेकच ठाऊक."

"आवाज तुमच्या घशात. मी अक्षरं छापतो. एका अरबी अक्षराला एक नागरी खूण, आणि ती पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत तीच. उच्चार ज्याचा त्याचा गुरू शिकवील."

यावर आमची तीन दुपारी हुज्जत चालली. शेवटी माझंच खरं झालं. खुणा दोनच जातींच्या ठेवल्या, खाली टिंब आणि खाली रेघ. क, ख, ग, फ यांना टिंब तर उर्दूवाले देतातच. मी तेच पुढे नेलं: जाड उच्चाराच्या स, त, द यांना टिंब, घशातल्या ह आणि अ यांना टिंब. उरलेल्या 'स'ला आणि एका 'ज'ला रेघ. एका 'ज'ला टिंब. 'ज'सारखा आणखी एक उरत होता, त्याला दोन टिंबं. आणि तक्त्याखाली ओळ घालायला लावली, की साधा 'ज' नेहमी 'जय'मधला वाचावा, 'जहाज'मधला नव्हे. आपला मराठी वाचणारा एकाच 'ज'चे दोन उच्चार करतो हे मास्तरांच्या ध्यानातच नव्हतं. माझ्या होतं. त्यांनी ती ओळ लिहून घेतली, पण "बरं सुचलं" असं म्हणायला त्यांची जीभ वळली नाही.

टिंबाचे आणि रेघेचे खिळे मुंबईहून खास पाडून आणले, अगदी मोजके. म्हणून काम असं: एक फर्मा, म्हणजे आठ पानं, जुळवायचा, छापायचा, मग खिळे सोडून ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे आणि त्यांवरच पुढचा फर्मा जुळवायचा. वेगळी केस मांडायला जागा नव्हती. मी साध्या 'स'च्या खणातच पुठ्ठ्याची भिंत घालून टिंबाच्या 'स'ची सोय केली. 'त', 'द', 'ह' यांचंही तसंच.

पहिला फर्मा बिनचूक निघाला. मास्तरांनी परत लिहिलं, मौलवींनी बोट ठेवून ठेवून ताडलं आणि कागद घडी करून पोथीत ठेवला. चाचांचे डोळे भरून आले. मला एवढंच कळलं, की मी जिंकलो.

मग मी ती गोष्ट केली. दुसऱ्या फर्म्याचं प्रूफ मी स्वतः वाचलं आणि तपासणीची वाट न बघता छापून टाकलं. पावसाळ्याआधी पुस्तक हातात द्यायचं होतं. शब्दात कुठेही टिंब दिसलं की मी बरोबर म्हणून खूण करून पुढे जात होतो. नसलेलं टिंब कुणाला दिसतं?

शुक्रवारच्या नमाजानंतर मशिदीच्या ओसरीवर मास्तर लिहायला बसले. भोवती पंचवीस-तीस माणसं. 'सिरात' शब्दातल्या स आणि त या दोन्हींना टिंब हवं, आणि लगेच पुढच्या 'मुस्तक़ीम'मधले स आणि त साधे हवेत. माझ्या पानावर 'स़िरात' आणि 'मुस़्तक़ीम' छापलेलं. मास्तरांनी जसं दिसलं तसं लिहिलं. मौलवींनी कागद उचलला, एकदा बघितला आणि खाली ठेवला.

"हे कुराणातलं नाही," ते म्हणाले. "हे कशातलंच नाही."

पुढे अशाच सात जागा निघाल्या. मी उठून उभा राहिलो. "मास्तरांनी मुद्दाम उलटं लिहिलंय! तक्ता माझा टिकला याचा राग आहे त्यांना."

मास्तरांनी पान माझ्यापुढे सरकवलं. "शेठ, पान तुमचं आहे. वाचून दाखवा."

"मला अरबी येत नाही!"

"अरबी नको. टिंब कुठे आहे तेवढं दाखवा."

माणसं हसली. चाचा हसले नाहीत. ते म्हणाले, "आता भांडू नका. भाऊ, ते समदे कागद मला द्या. अल्लाचं नाव हाय त्यावर, वाण्याच्या पुडीला जाता कामा नयेत." दुसऱ्या दिवशी त्यांनी गठ्ठा बांधून इंद्रायणीत नेऊन सोडला. माझ्या छापखान्यातून गेलेलं दुसरं कुठलंही काम पाण्यात बुडालेलं नाही.

मी जुळाऱ्याच्या केसेपाशी गेलो आणि साध्या 'स'चा खण उपडा केला. त्यात टिंबाचे बरेच 'स'. पहिला फर्मा सोडताना टिंबावर सुकलेली शाई रॉकेलने नीट पुसली नव्हती, म्हणून टिंब ओळखू आलं नाही, आणि पुठ्ठा वाकून दोन्हीकडचे खिळे एकमेकांत मिसळले होते. जुळाऱ्याला मी आईवरून शिवी दिली.

"मालक," तो म्हणाला, "हाताला 'स' म्हंजी 'स'च. जुळवताना हात डोळ्यानं चालत न्हाई. येगळी केस मागितली व्हती मी, तुमी म्हनला पुठ्ठा घाल."

म्हणालो होतो. ते मी कुणालाही सांगितलं नाही. आज लिहितोय, कारण जुळारी आता कुणाकडेच कामाला नाही; हे वाचून कुठल्या छापखान्यात माझ्यावर हसणार नाही.

मी मौलवींकडे गेलो, मास्तरांकडे गेलो. खिळे निवडून वेगळे केले आहेत, आठ पानं पुन्हा जुळवतो, आठ दिवस द्या म्हणालो. चाचा कदाचित द्यायला तयार होते. मौलवी म्हणाले, "पहिल्यांदा चुकलात ते खिळ्यांनी. दुसऱ्यांदा मास्तरांना खोटं पाडलंत ते तोंडाने. खिळे बदलता येतात." माझ्याकडे उत्तर होतं, पण मी ते अशा आवाजात दिलं, की ओसरीवरच्या लोकांनी मला हाताला धरून खाली उतरवलं.

चाचांनी पुस्तक पुण्याला छापून घेतलं. वर्षभराने एका मुलाणी गिऱ्हाइकाच्या पिशवीत ते दिसलं. मी मागून घेतलं. पहिल्या पानावर तक्ता होता: टिंबं आणि रेघा जिथल्या तिथे, खाली 'जय' आणि 'जहाज' यांची ओळ शब्दशः माझी. वर 'योजना' म्हणून मास्तरांचं नाव. मुद्रक म्हणून पुण्याच्या छापखान्याचं.

त्या माणसाला मी तासभर बाकावर बसवून ठेवलं आणि हातात शिसपेन्सिल घेऊन प्रत्येक स, प्रत्येक त, प्रत्येक ह तक्त्याशी लावून बघितला. एक तरी टिंब चुकलेलं सापडावं, म्हणजे ते पान मशिदीत नेऊन आपटेन, असा बेत होता.

"सापडलं काय, शेठ?" त्याने विचारलं.

"घेऊन जा तुमचं पुस्तक," मी म्हणालो. एकही चूक नव्हती.