तिसऱ्या मजल्याच्या नावावर

कुमुद सोनटक्के गुडगावच्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये तिसऱ्या मजल्याची इन्चार्ज सिस्टर होती. वर्ध्याजवळच्या एका खेड्यातली ही मुलगी. बाबासाहेबांची तसबीर आणि नर्सिंगचं सर्टिफिकेट घेऊन लग्नानंतर ती दिल्लीला आली. नवरा बळवंत केंद्र सरकारच्या एका खात्यात कारकून होता, आता निवृत्त. तीस वर्षं तिने ड्रेसिंग केली, सलाइनं लावली, डॉक्टरांची बोलणी खाल्ली. शेवटी इन्चार्ज झाली आणि पेशंटपेक्षा कागदच जास्त हाताळू लागली. तिच्या मजल्यावर तीस खाटा होत्या आणि कपाटं अशी लावलेली की अंधारातही हवी ती वस्तू हाताला लागावी. याचा तिला अभिमान होता, आणि त्याचाच तिला ताप झाला.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिच्या टेबलावर सहामाहीचा व्हेरियन्स रिपोर्ट आला. एका रकान्यात ठरवलेला खर्च, शेजारी झालेला खर्च, त्याच्या शेजारी दोहोंतला फरक. तिसऱ्या मजल्याच्या दोन ओळी लाल होत्या. एक, वापरायच्या सामानाची: हातमोजे, सिरिंजा, ड्रेसिंग. वीस लाख ठरले होते, एकोणतीस झाले होते. दुसरी, बाहेरच्या एजन्सीकडून घेतलेल्या नर्सेसची. साठ हजार ठरले होते, चार लाख झाले होते. खाली शेरा होता: "खुलासा द्यावा. पुढच्या महिन्यापासून रात्रीची एजन्सी नर्स बंद करण्याचा विचार आहे."

रात्रीची एजन्सी नर्स म्हणजे वैभवी. तिच्यामुळे रात्री तीस पेशंटना तीन जणी असायच्या. ती गेली की दोन. पंधरा पेशंटना एक. त्यात एखाद्याला धाप लागली, दुसरा पलंगावरून उतरायला लागला, की तिसऱ्याची बेल कोण ऐकणार? कुमुदला ते चित्र लगेच दिसलं. तिने रिपोर्ट उलटा ठेवला, पुन्हा सुलटा केला आणि फायनान्सला फोन लावला.

फायनान्समध्ये अनिश देशमुख होता. दिल्लीतच वाढलेला, मराठी बोलायचा पण हिंदीच्या चालीवर.

"ताई, बिल्कुल सिंपल आहे. सामान पंचेचाळीस टक्के ओव्हर आहे. कमिटी विचारणार, क्यों?"

"मला काय विचारतोस? मी काय हातमोजे घरी नेऊन भाजी चिरते?"

"अरे यार ताई, मी असं कुठे म्हटलं!"

"मग तुझा रिपोर्ट असं म्हणतोय. बजेट किती पेशंट धरून केलं होतं, ते कुठे लिहिलंय यात?"

अनिशने पानं उलटली. रिपोर्टमध्ये ते नव्हतं. बजेट केलं तेव्हा सहा महिन्यांत चार हजार रुग्णदिवस धरले होते. एक पेशंट एक दिवस राहिला की एक रुग्णदिवस. दर रुग्णदिवसाला पाचशे रुपयांचं सामान, म्हणून वीस लाख. पण यंदा पावसाळ्यात तापाचे पेशंट आवरेनासे झाले, मजला भरलेलाच राहिला.

"प्रत्यक्षात किती झाले?" कुमुदने विचारलं.

कळफलक वाजला. "चार हजार आठशे."

"मग त्यांना मी कपड्याच्या पट्ट्या बांधायच्या होत्या का? आठशे दिवसांचं सामान गंगेतून आलं?"

"म्हणजे चोवीस लाख तर व्हायलाच हवे होते," अनिश पुटपुटला. "बजेट प्रत्यक्ष पेशंटवर फ्लेक्स करायला हवं होतं, पेशंट वाढले तसं वाढवायला. ताई, ते कमिटीच्या फॉरमॅटमध्ये नाही ना."

"फॉरमॅट तुम्ही करता की देव?"

चार लाखांचं उत्तर मिळालं, पण पाच लाख उरले. त्यातले एक लाख वीस हजार खरेदीचे निघाले. मे महिन्यात पुरवठादाराने सिरिंज आणि हातमोज्यांचे भाव वाढवले होते, आणि तो करार कुमुदने केला नव्हता, खरेदी विभागाने केला होता. पुरवठादाराचं पत्र फायनान्सकडेच पडलं होतं. कुमुदला हसावं की रडावं कळेना. ज्यांच्याकडे भाववाढीचं पत्र होतं तेच तिला विचारत होते, जास्त का लागले!

एजन्सीच्या ओळीचंही तसंच. मजल्यावरच्या दोन कायम नर्सेस एप्रिलआधीच सोडून गेल्या, त्यांच्या जागा एचआरने भरल्या नाहीत. म्हणून तर एजन्सीची माणसं आली.

"मग त्या दोघींचा पगार वाचला, तो कुठेय?" तिने विचारलं.

"तीन लाख छत्तीस हजार वाचलेत," अनिश म्हणाला. "पण पगाराच्या बेचाळीस लाखांवर ते आठच टक्के होतात. दहा टक्क्यांच्या आतला फरक रिपोर्टमध्ये दिसत नाही. रूल आहे."

"वा! जास्त गेलेले तीन लाख चाळीस हजार दिसतात, वाचलेले तीन लाख छत्तीस हजार दिसत नाहीत! तुमच्या रूलचा सत्कार करायला हवा."

"ताई, आप गुस्सा मत हो."

"मी गुस्सा नाही झाले. मी थकले."

पण सगळ्यांत अवघड गाठ पुढेच होती. उरलेले तीन लाख ऐंशी हजार कुठे गेले? कुमुदने वस्तूवार यादी मागवली. चष्मा पुसून एकेक ओळ वाचत गेली आणि एका ठिकाणी बोट थांबलं. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटच्या नळीतला कफ ओढायचे बंद सक्शन सेट. त्याच्या खाली धमनीतला रक्तदाब मोजायचे ट्रान्सड्यूसर. आणि तिसऱ्या मजल्यावर एकही व्हेंटिलेटर नव्हता!

तिला विचारायची गरजच पडली नाही. ते सामान दर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जायचं. कोणी मागितलं, का दिलं, सगळं तिला ठाऊक होतं.

हॉस्पिटलच्या सिस्टिममध्ये प्रत्येक विभागाला महिन्याची मर्यादा घातली होती. मर्यादा संपली की मागणी अडकायची, वर मंजुरीला जायची, आणि मंजुरी देणारा साहेब मीटिंगमध्ये असायचा. आयसीयूची मर्यादा पंचवीस तारखेलाच संपायची, कारण तिथेही पेशंट वाढले होते. मग आयसीयूची इन्चार्ज अलकनंदा शिंदे फोन करायची, "कुमुद, तुझ्या नावावर टाक ना गं, माझा पेशंट थांबणार नाही." आणि कुमुद टाकायची. तिनेच आपल्या मुलींना सांगून ठेवलं होतं, आयसीयूला नाही म्हणायचं नाही, पेशंटला बजेट कळत नसतं. पहिल्या तारखेला अलकनंदाने परत करायचं असं ठरलेलं होतं. पहिली तारीख यायची आणि आयसीयू पुन्हा भरलेलं असायचं.

बेरीज दोन लाख नव्वद हजारांची झाली. कुमुद दुसऱ्या मजल्यावर, आयसीयूत उतरली.

अलकनंदाचं घराणं मूळ ग्वाल्हेरकडचं, तीन पिढ्यांपासून दिल्लीतलं. दोघींची वीस वर्षांची ओळख. ती चहाला बसली होती. कुमुदने यादी तिच्यासमोर ठेवली.

"अलका, हे तुझं आहे."

अलकनंदाने वाचलं आणि यादी परत सरकवली. "तू बघितलंस? माझा रिपोर्ट हिरवा आलाय. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, आयसीयूकडून शिका."

"शिकले की मी! माझ्या पैशांनी कसं हिरवं व्हायचं ते शिकले."

"अगं, पण आता सांगितलं तर दोघी अडकू. दुसऱ्याच्या नावावर मागणी टाकणं नियमात नाही. तुझ्याच लॉगिननं झालंय ते."

"माहितेय. मेमो येईल मला. पण हे नाही सांगितलं तर वैभवी जाते. तुझ्या आयसीयूतून बाहेर काढलेला पेशंट रात्री माझ्याकडेच येतो ना? त्याला कोण बघणार, तुझा हिरवा रिपोर्ट?"

अलकनंदाने चहा तसाच ठेवला. मग म्हणाली, "सही करते. पण माझी मर्यादा वाढवून मागायचं तूही लिहायचं. नाहीतर माझ्याच गळ्याशी येईल."

"लिहीन. खोटं थोडंच आहे ते?"

त्या संध्याकाळी कुमुदने खुलासा लिहिला. चार लाख वाढलेल्या पेशंटमुळे. एक लाख वीस हजार भाववाढीमुळे. दोन लाख नव्वद हजार आयसीयूचे, ते त्यांच्या खात्यावर वळते करावेत, आणि त्यांची मर्यादा पेशंटच्या प्रमाणात वाढवावी. उरलेले नव्वद हजार तिने कुणावर ढकलले नाहीत. तिच्या मुली एका छोट्या जखमेसाठी मोठं ड्रेसिंग पॅक फोडायच्या आणि अर्धं टाकून द्यायच्या. हे तिने पाहिलं होतं, घाईत दुर्लक्ष केलं होतं. छोटी पॅक मागवून हे थांबवते, असं तिने लिहिलं. एजन्सीच्या खाली लिहिलं, दोन जागा भरा, एजन्सी आपोआप बंद होईल.

बळवंतने घरी वाचून विचारलं, "स्वतःची चूक कशाला लिहिलीस? नव्वद हजार कोण बघतंय?"

"सगळंच दुसऱ्याचं म्हटलं तर बाकीच्यावर कोण विश्वास ठेवणार?"

कमिटी बसली. पेशंटवाढीचे चार लाख मान्य झाले, भाववाढही झाली. आयसीयूची रक्कम वळती झाली. त्यामुळे आयसीयू लाल झालं, अलकनंदाला खुलासा मागितला गेला आणि ती जिन्यात भेटली तरी मोबाइलमध्ये बघू लागली. कुमुदला लॉगिनबद्दल मेमो आला. दोन जागा भरायचा विषय एचआरकडे गेला, म्हणजे कुठेच गेला नाही. आयसीयूची मर्यादा वाढवायचा प्रस्ताव 'विचाराधीन' राहिला. वैभवीला नोव्हेंबरअखेरपर्यंत ठेवायचं ठरलं. पुढचं नोव्हेंबरच्या रिपोर्टवरून ठरणार होतं.

"हे काय, सगळं समजावून दिलं ना मी?" तिने अनिशला विचारलं.

"ताई, कमिटी म्हणाली, एक्स्प्लनेशन उत्तम आहे. ट्रेंड बघू."

"ट्रेंड! मर्यादा तीच ठेवायची आणि ट्रेंड बघायचा!"

नोव्हेंबरच्या अठ्ठावीस तारखेला दुपारी फोन वाजला. आवाज अलकनंदाचा, महिन्याभरात पहिल्यांदा.

"कुमुद, दोन सक्शन सेट हवेत. माझी मागणी अडकलीय. साहेब मीटिंगमध्ये आहेत."

दोन सेट म्हणजे तीन हजार रुपये, तिसऱ्या मजल्याच्या नावावर. समोर ड्यूटी चार्टवर डिसेंबरच्या रात्रींसमोर वैभवीचं नाव लिहिलेलं होतं. खोडता यावं म्हणून पेन्सिलीने.

"देते," ती म्हणाली. "पण या वेळी आजच ट्रान्सफरची स्लिप, खर्च तुझ्या खात्यावर. तुझी सही आधी, सेट नंतर."

"इतका अविश्वास?"

"तुझ्यावर नाही गं. पहिल्या तारखेवर."

पलीकडे अलकनंदा काहीतरी पुटपुटली. शिवीच असावी. पाच मिनिटांत ती स्वतः जिना चढून आली, धापा टाकत, स्लिपवर सही करून. कुमुदने कपाट उघडलं, न बघता सेट काढले आणि तिच्या हातात दिले. मग स्लिपची नोंद सिस्टिममध्ये टाकायला बसली. सिस्टिमने विचारलं, "मंजुरी देणारे अधिकारी?" तिने साहेबांचं नाव निवडलं. पडद्यावर आलं, "मंजुरी प्रलंबित."

कुमुदने तो पडदा तसाच उघडा ठेवला, फोन उचलला आणि साहेबांच्या मीटिंगच्या खोलीचा नंबर फिरवला.