तोमोएबाईंच्या नियमपुस्तकाचं नववं पान

माझ्या घराखाली तोमोएबाईंचं केशकर्तनालय आहे. जपानमधल्या मात्सुयामात दोन खुर्च्यांवर सुरू केलेलं. शेजारचा गाळा जोडल्यावर माणसं अकरा झाली आणि कायद्याप्रमाणे कामाचं नियमपुस्तक लिहून कामगार कार्यालयात दाखल करणं भाग पडलं. माझं अक्षर नीट, म्हणून स्वच्छ प्रत काढायचं काम माझ्याकडे आलं. चारदा काढली.

हजेरीच्या पानावर त्यांनी लिहिलं होतं, साडेनऊला झाडलोट, दहापासून काम. सगळ्यांनी हात वर करून निवडलेली प्रतिनिधी मिनेगिशी म्हणाली, "झाडू मारणं म्हणजे काम नव्हे, ताई? मग उद्यापासून तुम्हीच मारा." ते बदललं. काळा गणवेश ठरला, तर रंग उडवायच्या औषधाचे पांढरे डाग आड आले. फोन कपाटात ठेवायचे ठरले.

"गिऱ्हाईक वेळ मागतं ते माझ्या फोनवर. केसांचा फोटो काय कपाट काढणार?" मिनेगिशी म्हणाली.

तेही बदललं. तोमोएबाई माझ्याकडे येऊन कपाळावर हात मारत. "आजी, पंधरा वर्षं शिकवलं हिला, आता माझंच पुस्तक तपासते!"

अडलं नवव्या पानावर. तिथे लिहिलं होतं, कोणत्याही गिऱ्हाइकाला नकार देऊ नये. पुस्तकासोबत प्रतिनिधीचं मतही जोडावं लागतं; मिनेगिशीने त्या कागदावर लिहिलं, "विरोध. ओनुकीसाहेब डोकं धुताना नव्या मुलीचा हात धरून ठेवतात. हे पान असंच राहिलं तर मी जाते."

"ते माझे पहिले गिऱ्हाईक," तोमोएबाई म्हणाल्या. "अर्धा बाजार गिऱ्हाईक म्हणून त्यांनी आणून दिला."

"मग तुम्हीच धुवा त्यांचं डोकं."

बाई गठ्ठा घेऊन कामगार कार्यालयात गेल्या. तिथल्या माणसाने कागद चाळले. "विरोध असला तरी दाखल होतं. मत घेतलंय, जोडलंय, बास." हवं होतं तेच मिळत होतं. तरी बाईंनी गठ्ठा परत उचलला आणि घरी येऊन माझ्यासमोर आदळला.

"दाखल झालं तर ही जाणार. नाही केलं तर कार्यालयाचं पत्र येणार. लिहा, आजी. अंगाला हात लावणाऱ्या गिऱ्हाइकाचं काम थांबवावं."

"थांबवायचं कोणी?" मी विचारलं.

"मिनेगिशीला सांगता येणार नाही. मुलीला तर नाहीच." मग चिडून म्हणाल्या, "मालकिणीने. लिहा."

गुरुवारी ओनुकीसाहेब आले. मी खिडकीजवळ केसांना रोलर लावून बसले होते. डोकं धुताना पाणी उडू नये म्हणून त्यांच्या चेहऱ्यावर मलमलीचा तुकडा ठेवला होता, तरी हात बरोबर मुलीच्या मनगटावर गेला. मिनेगिशीने कात्री खाली ठेवली आणि मालकिणीकडे नुसतं पाहिलं.

तोमोएबाई गेल्या. स्वतः त्यांच्या डोक्यावरचा फेस धुतला, टॉवेल गुंडाळला आणि म्हणाल्या, "साहेब, आजपासून तुमचं काम इथे होणार नाही."

"वीस वर्षं येतोय मी!"

"हो. म्हणूनच बोलायला जड जातंय."

ते ओल्या डोक्यानेच निघून गेले. त्या दुपारी बाजारातल्या दोघांनी वेळ रद्द केली. मिनेगिशीने विरोधाचा कागद फाडला आणि दुसरा लिहिला, "हरकत नाही." तोमोएबाईंनी तो न वाचताच गठ्ठ्याला टाचला.

"आता पाचवी प्रत नको म्हणावं हिला," त्या मला म्हणाल्या.